न सांगितलेला कोल्हा

पंधराएक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एका चित्रपुस्तकाचा अनुवाद केला. प्रकाशकाकडून मला फक्त इंग्रजी मजकूर आला होता. पानपानभर कथा अनुवादण्याची सवय असलेल्या मला तो मजकूर फारच हडकुळा वाटला. आजोबांचा चष्मा हरवतो, नात तो घरभर शोधते, शेवटी सापडतो, एवढंच. कुठे सापडतो तेही नीट सांगितलेलं नव्हतं. मी विचारणा केली तेव्हा कळलं, की चष्मा आजोबांच्या कपाळावरच आहे, तसं चित्रात काढलंय. मग मी उदार मनाने पहिल्याच पानावर ‘कपाळावर सरकवलेला चष्मा’ असे शब्द घातले. पुस्तक छापून आलं. एका शाळेत दुसरीच्या वर्गात ते वाचून दाखवत असताना पुढच्या रांगेतली एक मुलगी वैतागून म्हणाली, “दिसतंय की ते! तुम्ही कशाला सांगता?”

तिची तक्रार रास्त होती. आजोबांना ठाऊक नाही, नातीला ठाऊक नाही, पण पुस्तक हातात धरणाऱ्या मुलाला पहिल्या पानापासून ठाऊक आहे, हीच त्या गोष्टीची सगळी गंमत होती. मी ती तीन शब्दांत घालवून टाकली होती. आता एका बालसाहित्याच्या अभ्यासक्रमात चित्रपुस्तकांवरच्या काही तासिका मी घेते, आणि दरवर्षी माझ्या या चुकीपासूनच सुरुवात करते. वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू बोलणारे विद्यार्थी असतात. पुढे त्यांतले काही अनुवाद करतील. शब्दांनी काय सांगायचं नसतं, हे त्यांना आधी कळावं असं मला वाटतं. आणि ते कळायला थोडा इतिहास लागतो, कारण हे गप्प राहणं चित्रपुस्तकाला उपजत मिळालेलं नाही. ते कुणीतरी, केव्हातरी शोधून काढलेलं आहे.

मुलांच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना बहुतेक जण कोमेनियसपासून सुरुवात करतात. १६५८ मध्ये न्युरेम्बर्गला त्याचं ‘ऑर्बिस पिक्टस’ छापलं गेलं. लॅटिन आणि जर्मन शिकवण्यासाठी केलेलं हे पुस्तक. एका लाकडी ठशाच्या चित्रात समजा सुताराचं काम दाखवलंय. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर बारीक आकडा, आणि शेजारच्या मजकुरात त्या वस्तूच्या नावापुढे तोच आकडा. शब्द चित्राकडे बोट दाखवतो, चित्र शब्दाकडे. दोघं एकच गोष्ट दोनदा सांगतात. आपल्या बालवाडीच्या भिंतीवरचा ‘क कमळाचा’ हा तक्ता याच घराण्यातला. भाषा शिकवायला ही रचना उत्तम आहे. तिच्यावर आजही कोट्यवधी मुलं वाचायला शिकतात. मात्र तिच्यात गोष्ट घडत नाही. शब्द आणि चित्र यांच्यात कुठे फटच नसल्यामुळे वाचणाऱ्याला आत शिरायला जागा उरत नाही.

ती फट स्पष्ट दिसते ती सव्वादोनशे वर्षांनी, रँडॉल्फ कॅल्डेकॉटच्या पुस्तकांत. १८४६ मध्ये इंग्लंडातल्या चेस्टरला जन्मलेला हा माणूस तरुणपणी बँकेत कारकून होता. लंडनमधला मुद्रक एडमंड इव्हान्स याने त्याला नाताळसाठी मुलांची पुस्तकं करायला सांगितलं. १८७८ पासून दरवर्षी दोन अशी सोळा पुस्तकं त्यांनी केली. १८८६ च्या सुरुवातीला, चाळिशी गाठण्याआधीच, कॅल्डेकॉट फ्लोरिडात वारला. इव्हान्सच्या छापखान्यात चित्र लाकडावर कोरलं जाई आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. त्यामुळे सगळीच पानं रंगीत करणं परवडत नसे. मोजकी रंगीत चित्रं आणि त्यांच्या मधल्या पानांवर एकाच शाईतली चपळ रेखाटनं अशी कॅल्डेकॉटची पुस्तकं असत. मजकूर जुनाच, सगळ्यांना पाठ असलेली बालगीतं. एकेक ओळ तो पानापानांवर पसरवायचा आणि दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गीतात नसलेलं काहीतरी काढायचा.

१८८२ मधलं ‘हे डिडल डिडल’ हे त्याचं ठळक उदाहरण. या बालगीतात मांजर सारंगीसारखं वाद्य वाजवतं, गाय चंद्रावरून उडी मारते, कुत्रं हसतं आणि शेवटी ताटली चमच्याला घेऊन पळून जाते. गीत तिथेच संपतं. कॅल्डेकॉट मात्र थांबत नाही. पान उलटलं की आणखी एक छोटं रेखाटन आहे, त्याच्यासोबत एकही शब्द नाही. ताटलीचे तुकडे होऊन पडलेत, आणि चमच्याला दोन बाजूंनी धरून काटा आणि सुरी घेऊन निघालेत. हे कोण, हे सांगायची गरज पडत नाही. पळून गेलेल्या मुलीचे आईबाप कसे चालतात ते आपल्याला माहीत असतं. गंमतगीत म्हणून शतकभर म्हटल्या गेलेल्या ओळींची एका क्षणात शोकांतिका होते, आणि ती शब्दांनी केलेली नसते. गीत अजूनही हसतच असतं.

अनुवादक म्हणून मला या पानावर एक वेगळीच अडचण दिसते. कॅल्डेकॉटच्या चित्रात ताटली हा पुरुष आहे आणि चमचा ही मुलगी. इंग्रजीत वस्तूंना लिंग नसल्यामुळे त्याला ही मोकळीक होती. मराठीत ताटली ‘ती’ आणि चमचा ‘तो’. शब्द एक सांगणार, चित्र दुसरं दाखवणार. वर्गात मी हा पेच टाकते तेव्हा कुणीतरी हमखास ‘थाळा’ आणि ‘पळी’ सुचवतं. लिंग जुळतं, वर पळीचं पळणं कानालाही गोड लागतं. सगळे खूश होतात. मग मी पुन्हा चित्र दाखवते. त्यात आहे तो टेबलावरचा, काट्या-सुरीच्या कुळातला चमचा. मुलाच्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूला पळी म्हटलं तर ते मूल लगेच हरकत घेईल. नुसत्या मजकुराच्या अनुवादात जो पर्याय सरस ठरला असता तो इथे चित्र नामंजूर करतं. चित्रपुस्तकाच्या अनुवादाला दोन मूळ संहिता असतात. त्यांतली एक बदलता येत नाही, आणि अनुवाद पटला की नाही हे तीच ठरवते.

कॅल्डेकॉटने जे शेवटच्या पानावर केलं, ते पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीने १९६८ मध्ये अख्ख्या पुस्तकभर केलं. ‘रोझीज वॉक’ हे तिचं पहिलं पुस्तक. इंग्रजी मजकूर अवघ्या ३२ शब्दांचा, तोही एकाच वाक्याचा. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या अशी वाट चालून जेवायच्या वेळेला घरी परत येते. इतकंच. मी वर्गात आधी फक्त हे वाक्य वाचून दाखवते आणि विचारते, गोष्ट कशी वाटली? सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघतात.

मग पुस्तक उघडते. पहिल्याच चित्रात खुराड्याखाली कोल्हा आहे. पुढे पानोपानी तो रोझीच्या मागे आहे आणि मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही.

हे पुस्तक कसं चालतं ते पानं उलटतच बघावं लागतं. अंगणाच्या जोडपानावर थोडे शब्द आहेत. रोझी पुढे चाललीय, कोल्हा मागून झेप घेण्याच्या बेतात आहे, आणि जमिनीवर दाताळं पडलंय. पान उलटलं की शब्द नाहीत. कोल्ह्याचा पाय दाताळ्यावर पडलाय आणि त्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसलाय. पुढच्या जोडपानावर पुन्हा शब्द. रोझी तळ्याकाठाने चाललीय, कोल्ह्याने पुन्हा झेप घेतलीय. पान उलटलं की शब्द नाहीत, कोल्हा पाण्यात. शब्दांचं पान, मग निःशब्द पान, अशीच चाल शेवटपर्यंत. गिरणीपाशी पिठाचं पोतं वर टांगलेलं आहे आणि त्याची दोरी रोझीच्या पायात अडकलीय. मजकूर सांगतो, ती गिरणीपुढून गेली. पान उलटायच्या आत मुलांनी दोरी बघितलेली असते आणि वर्गात आरडाओरडा सुरू झालेला असतो.

इथे तीन कामं तीन ठिकाणी वाटलेली आहेत. शब्द रोझीबरोबर चालतात. तिला जेवढं महत्त्वाचं तेवढंच सांगतात. चित्र रोझी आणि कोल्हा दोघांनाही दाखवतं, म्हणून धोका फक्त चित्रात आहे. आणि पान उलटणं हे काळाचं काम करतं: उडी आणि आपटणं यांच्या मधला श्वास रोखलेला क्षण म्हणजे कागद हातात धरलेला तेवढा वेळ. मुलाला यातून जे मिळतं ते फार दुर्मीळ आहे. त्याला निवेदकापेक्षा जास्त कळतं. एरवी त्याच्या आयुष्यात वाचून दाखवणारं मोठं माणूस सर्वज्ञ असतं. इथे मोठ्या माणसाच्या तोंडचे शब्द अपुरे आहेत आणि अजून अक्षरओळख नसलेल्या मुलाला पूर्ण गोष्ट दिसते आहे. चष्म्याच्या पुस्तकात त्या मुलीचा मी हाच मान हिरावून घेतला होता.

मारिया निकोलायेवा आणि कॅरोल स्कॉट या अभ्यासकांनी २००१ मधल्या आपल्या पुस्तकात शब्द-चित्रांच्या नात्याचे प्रकार लावले आहेत. दोघांनी तेच सांगणं, एकमेकांची उणीव भरून काढणं, एकाने दुसऱ्याला वाढवणं, दोघांनी वेगळे सूर लावणं, अशी ती चढती मांडणी आहे. विद्यार्थ्यांना ती आवडते, कारण परीक्षेत लिहिता येते. पण ती गुणवत्तेची शिडी नव्हे. झोपेच्या वेळचं, दोन वर्षांच्या मुलासाठीचं पुस्तक तेच दोनदा सांगतं म्हणून ते कमी ठरत नाही. त्या वयात ‘हा बघ चेंडू’ आणि समोर चेंडू यातच शोधाचा आनंद असतो. शिवाय एकच पुस्तक दोन कप्प्यांत बसतं. रोझीला कोल्हा मागे आहे हे माहीत होतं का? तिचा डोळा पानोपानी तसाच अर्धा मिटलेला आहे, मान तशीच ताठ. काही मुलं म्हणतात ती भोळी आहे, काही म्हणतात ती पक्की आहे आणि मुद्दाम त्याला फिरवतेय. दोन्ही उत्तरांना चित्रात आधार आहे, शब्दांत एकालाही नाही. अनुवादकाने इथे ‘मजेत’, ‘निवांत’, ‘ऐटीत’ असं एक जरी क्रियाविशेषण घातलं तरी निकाल लागून जातो.

हे घालायचा मोह मात्र आपल्या भाषांत जास्त होतो, त्याला कारण व्याकरण आहे. इंग्रजी वाक्यात फिरायला गेल्याचं क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातं आणि मग एकेक टप्पा पानापानावर लोंबत ठेवता येतो. मराठीत क्रियापद शेवटी हवं. ‘वरून’, ‘खालून’, ‘मधून’ हे शब्दही नामाच्या मागे येतात. अनुवादक घाबरून प्रत्येक पानावर स्वतंत्र वाक्य करतो: ती इथे गेली, ती तिथे गेली. वाक्याचे तुकडे झाले की पान उलटण्याची ओढही तुटते. खरं तर आपलं व्याकरण इथे मदतीला येऊ शकतं. ‘ओलांडून’, ‘वळसा घालून’, ‘वरून’, ‘खालून’ अशी अपुरी रूपं पानामागून पान लोंबती ठेवायची आणि पूर्ण क्रियापद थेट शेवटच्या पानावर, रोझी घरी पोचते तिथे आणायचं. पाचसहा विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या भाषांत हे करून बघितलं. गुजराती आणि हिंदीतही ते बसलं. उर्दूच्या विद्यार्थिनीने मात्र वेगळा प्रश्न काढला. रोझी डावीकडून उजवीकडे चालते. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. चित्रं तशीच ठेवली तर कोंबडी प्रत्येक पानावर मागे, आधीच्या पानाकडे चालत राहील. म्हणजे चित्रं आरशातल्यासारखी उलटी छापावी लागतील. कोंबडी-कोल्ह्याचं चालेल, पण चित्रात पाटी असेल किंवा उजव्या हाताने जेवणारं माणूस असेल तर? यावर तिने सरसकट उत्तर दिलं नाही. पुस्तक बघून ठरवावं लागेल, म्हणाली. तेच खरं उत्तर आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला छापखान्याचीही एक बाजू आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयापासून तुलिका आणि प्रथम बुक्सपर्यंत एकाच चित्रांवर अनेक भारतीय भाषांतला मजकूर छापण्याची आपली रीत आहे. चार रंगांच्या छपाईत निळा, किरमिजी आणि पिवळा यांच्या प्लेट्स सगळ्या भाषांना समान ठेवून फक्त काळ्या शाईची प्लेट बदलली की खर्च वाचतो. त्यासाठी अक्षरं काळी हवीत आणि चित्रात गुंतलेली नकोत. पण चित्रकाराने मजकुरासाठी सोडलेली जागा एका भाषेच्या मापाने सोडलेली असते. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रांमुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. अनुवाद लांबला तर अक्षर बारीक होतं किंवा चित्रावर चढतं. चित्रात दिसणारं शब्दांत पुन्हा सांगू नये याला हे एक साधं, व्यावहारिक कारणही आहे.

आता शब्दांनीच काम करायचं, चित्राने गप्प राहायचं, असंही असतं. त्यासाठी मी मॉरिस सेंडाकचं १९६३ मधलं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ घेते. सेंडाक कॅल्डेकॉटला आधुनिक चित्रपुस्तकाचा जनक मानत असे, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या या पुस्तकाला कॅल्डेकॉटच्याच नावाचं पदक मिळालं. लांडग्याचा वेश घालून घरात धुमाकूळ घालणाऱ्या मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते. खोलीत जंगल उगवतं, तो नावेतून अचाट प्राण्यांच्या प्रदेशात जातो, त्यांचा राजा होतो, आणि परत येतो तर जेवण वाट बघत असतं.

पहिलं चित्र पानावर लहानसं आहे, भोवती भरपूर पांढरा समास. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र वाढतं. जंगल पूर्ण झालं की उजवं पान भरून जातं, मग ते शब्दांच्या डाव्या पानावर सरकतं आणि धिंगाण्याच्या सलग तीन जोडपानांवर शब्दांना हाकलूनच देतं. नंतर शब्द हळूहळू परततात. मॅक्स खोलीत परततो ते चित्र मात्र पहिल्याएवढं लहान होत नाही, पूर्ण पानभर राहतं. आणि पान उलटलं की उरतो पांढरा कागद आणि त्यावर मोजके शब्द: जेवण अजून गरम होतं एवढंच सांगणारे. चित्र नाही.

या पुस्तकात वेळ मोजणारी तीन घड्याळं आहेत. शब्द सांगतात प्रवासाला वर्षाहून जास्त लागलं. जेवण सांगतं काही मिनिटंच गेली. आणि खिडकीतला चंद्र, ज्याचा मजकुरात उल्लेखही नाही, सुरुवातीला कोर आहे आणि शेवटी पूर्ण. कोणतं घड्याळ खरं, हे पुस्तक सांगत नाही. तसंच आईचं. आई एकाही चित्रात नाही, ती फक्त शब्दांत आहे. जिन्याजवळच्या भिंतीवर मॅक्सने स्वतः काढलेलं एका अचाट प्राण्याचं चित्र टांगलंय. ते फक्त चित्रात आहे. त्या दोन गोष्टी जोडून बघणाऱ्याला कळतं, की आई ज्या शब्दाने मॅक्सला दटावते त्याच शब्दाचे प्राणी त्याने आधीच कागदावर काढलेले होते.

म्हणून मराठीत आईच्या तोंडी आणि त्या प्राण्यांच्या नावात एकच शब्द यायला हवा. ‘राक्षस’ चालणार नाही: आई मुलाला राक्षस म्हणेलही, पण तो शब्द पुराणातली शिंगं आणि सुळे आपल्यासोबत आणतो, आणि शिंगं-सुळे काढायचं काम चित्राचं आहे. सेंडाकच्या घरच्या यिद्दिश भाषेत दांडगट पोराला ‘रानटी जनावर’ अशा अर्थाचा शब्द होता, तिथून हे शीर्षक निघालं. आमच्याकडे आजी ‘रानदांडगा’ म्हणायची. तो मला अजून पूर्ण पटलेला नाही, पण त्यात रूप नाही, फक्त वागणं आहे, एवढं त्याच्या बाजूने आहे. शेवटच्या पानावर तर शब्द एकटाच आहे. तिथे ‘कोमट’ म्हटलं तर आई विसरली होती असं होईल. ‘गरम’ ठीक आहे. पण ताटावर बसवून आई म्हणते तो ‘ऊन ऊन’ शब्द वर्गात एका मुलाने सुचवला आणि कुणी काही बोललं नाही, सगळ्यांना ती न काढलेली आई दिसली.

चष्म्याच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ‘कपाळावर सरकवलेला चष्मा’ काढून टाकायला सांगितलं. प्रकाशकाने विचारलं, त्या जागी काय घालायचं? मी म्हटलं, काही नाही, तिथे चित्र आहे.